एक केस स्टडी, तिची लिंक आणि अनुभवातल्या चार ओळी: नवीन यूएक्स डिझायनरसाठी

माझी मावसबहीण इथेच इंदूरला, विजय नगरमधल्या एका एजन्सीत दोन वर्षांपासून यूएक्स डिझायनर आहे. दिवाळीत रामबागेत मावशीकडे जमलो होतो तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला, म्हणाली, ताई जरा बघ ना, पुण्या-बंगळूरला एवढ्या ठिकाणी अप्लाय करून झालं पण कुठूनच कॉल नाही. मी लिंक्डइन प्रोफाइल उघडलं. Experience मध्ये एजन्सीचं नाव, खाली एक ओळ, वेब आणि मोबाइल ॲप्सवर काम केलं, वायरफ्रेम, प्रोटोटाइप, यूजर फ्लो, टूल फिग्मा. त्याच्याखाली पोर्टफोलिओची लिंक, पण ती नुसती टाइप केलेली, दाबली तर काहीच होत नाही. कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकली तर गूगल ड्राइव्ह आलं आणि समोर You need access. म्हणजे एखाद्यानं एवढी तसदी घेतलीच असेल तर तोही तिथूनच परत गेला असणार, आणि तिला ते कळायचं काही साधनच नव्हतं, कारण ॲक्सेस मागायचे ईमेल तिच्या कॉलेजच्या जुन्या आयडीवर जात होते.

फोल्डर उघडून दिल्यावर आत 11 प्रोजेक्टच्या पीडीएफ निघाल्या. त्यातली एक, पॅथॉलॉजी लॅबच्या ॲपची, खरंच चांगली होती आणि तीच सगळ्यात खाली पडलेली. पुढचे तीन रविवार आम्ही त्या एकाच प्रोजेक्टवर बसलो. ते काम जसं झालं तसंच इथे सांगते, कारण मी स्वतः आठ वर्षं हे काम करतेय, नवीन लोक घेताना प्रोफाइल बघायची वेळ माझ्यावर वारंवार येते, आणि ह्याच चुका बघून बघून आता जीव तुटतो.

आधी प्रोजेक्ट निवडा, आणि तो सगळ्यात देखणा नसला तरी चालेल

तिचं मन एका फिटनेस ॲपवर होतं. स्क्रीन्स सुरेख, रंग छान, पण तो कॉन्सेप्ट होता, घरी बसून केलेला, कोणी वापरला नाही, कोणी अडवलं नाही. मी तिला विचारलं, ह्यातला एखादा निर्णय तू नंतर बदललास का आणि का बदललास? ती गप्प. मग लॅबच्या ॲपबद्दल तोच प्रश्न विचारला तर वीस मिनिटं बोलत राहिली. तिथेच निवड झाली.

मी तीन गोष्टी बघते. अडचण नेमकी काय होती हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का, लोक ते वापरताना तुम्ही स्वतः बघितलं का, आणि तुमचं काही चुकून मग दुरुस्त झालं का. तिसरी गोष्ट लोक लपवतात, पण समोरचा नेमकं तेच शोधत असतो, कारण फायनल स्क्रीन बघून तुम्ही विचार कसा करता ते कळत नाही, बदललेल्या स्क्रीनवरून कळतं.

आपल्याकडे इंदूरला बरंच काम एजन्सीचं असतं, कधीकधी तर क्लायंटचा क्लायंट असतो आणि तुम्हाला दोनच स्क्रीन करायला दिलेल्या असतात. तरी चालेल. दोन स्क्रीनची खरी केस स्टडी अख्ख्या ॲपच्या गोलमाल वर्णनापेक्षा बरी, फक्त दोनच स्क्रीन तुमच्या होत्या हे लिहा.

पान बनवायच्या आधी चार ओळी लिहा

बहुतेक जण उलटं करतात, आधी महिनाभर केस स्टडी सजवतात आणि मग Experience मध्ये घाईघाईत काहीतरी टाकतात, म्हणून दोन्हींचा एकमेकांशी संबंधच राहत नाही. आम्ही आधी चार ओळी लिहिल्या. त्या जमेपर्यंत फिग्मा उघडायचंच नाही असं मी तिला सांगितलं होतं.

त्यासाठी प्रकरण नीट समजलं पाहिजे, म्हणून ते आधी सांगते. लॅबची शहरात काही कलेक्शन सेंटर्स आहेत. पेशंट सकाळी रक्त देऊन जातो, रिपोर्ट ॲपवर येतो. तरीही काउंटरवरचा फोन दिवसभर वाजत असतो, रिपोर्ट आला का, रिपोर्ट आला का. लॅबवाल्यांनी एजन्सीला सांगितलं होतं की ॲप जुनाट दिसतं, नवं डिझाइन करून द्या. माझी बहीण दोन दिवस सकाळी साडेसातला सेंटरवर जाऊन काउंटरच्या मागे बसली, आणि काउंटरवरची मुलगी ज्या रजिस्टरमध्ये फोन लिहायची ते मागून घेतलं. एका सोमवारी 61 फोन होते, त्यातले 38 फक्त रिपोर्ट आला का एवढंच विचारायला.

कारण रजिस्टरच्याच पानावर होतं. फोन करणाऱ्या बऱ्याच जणांनी एकाच वेळी दोन-तीन टेस्ट दिल्या होत्या. समजा सीबीसी, थायरॉइड आणि युरिन कल्चर. सीबीसी त्याच संध्याकाळी तयार होतं, ह्या लॅबमध्ये थायरॉइड दुसऱ्या दिवशी, आणि कल्चरला दोन-तीन दिवस लागतात कारण त्यात जंतू वाढायची वाट बघावी लागते, त्याला घाई करताच येत नाही. पण ॲप अख्ख्या ऑर्डरला एकच स्टेटस दाखवायचं, Processing. सीबीसी तयार असूनही तिसऱ्या दिवशी कल्चर येईपर्यंत पेशंटला Processing एवढंच दिसायचं, मग तो फोन करणार नाही तर काय करणार. म्हणजे दुखणं जुनाट दिसण्याचं नव्हतंच.

आता तिची पहिली ओळ काय होती बघा: पॅथॉलॉजी लॅबच्या ॲपचं संपूर्ण रीडिझाइन केलं, यूजर एक्सपीरियन्स सुधारला. ह्यात खोटं काही नाही, पण हेच वाक्य कुठल्याही ॲपला लावता येतं. चार-पाच वेळा खोडून शेवटी हे आलं (इथे मराठीत देतेय, प्रोफाइलवर तिनं इंग्रजीत टाकलं):

*पॅथॉलॉजी लॅबच्या ॲपमध्ये प्रत्येक टेस्टचा रिपोर्ट कधी मिळेल ते वेगळं दाखवलं. काउंटरवर रिपोर्ट विचारणारे फोन एका सोमवारी 38 होते, बदलानंतरच्या एका सोमवारी 19.*

*अडचण: एका ऑर्डरमधल्या सगळ्या टेस्टना एकच स्टेटस होतं, त्यामुळे तयार रिपोर्टही शेवटची टेस्ट होईपर्यंत अडकायचा.*

*माझं काम: सेंटरवर दोन दिवस निरीक्षण, फोन रजिस्टरचा अभ्यास, रिपोर्ट ट्रॅकिंगच्या चार स्क्रीन, पाच पेशंटसोबत टेस्टिंग. व्हिज्युअल स्टाइल सीनियर डिझायनरची.*

*9 आठवडे, दोन डेव्हलपर, लॅब मॅनेजरसोबत. पूर्ण केस स्टडी खाली जोडली आहे.*

पहिल्या ओळीत निकाल का, तर Experience चं वर्णन 2,000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं पण उघडल्या उघडल्या त्यातल्या दोन-चारच ओळी दिसतात, बाकीचं see more दाबल्यावर. आणि बघणारा दाबेलच असं नाही. जे वाचलं नाही तर नुकसान होईल ते सगळ्यात वर. टूलची नावं शेवटी किंवा स्किल्समध्ये टाका, फिग्मा येतं हे तर गृहीतच धरलेलं असतं.

तिथे बोल्ड किंवा हेडिंग करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मुद्द्यानंतर एक ओळ मोकळी सोडायची, नाहीतर फोनवर सगळी गिचमिड दिसते.

एजन्सीत असाल तर एकाच नोकरीखाली दहा प्रोजेक्ट असतात, तेव्हा दहाही लिहू नका. दोन निवडा, प्रत्येकी अशा तीन-चार ओळी, आणि बाकीचे एका वाक्यात, जसं की ह्याशिवाय रिटेल आणि शिक्षण क्षेत्रातल्या प्रोजेक्टवर स्क्रीन डिझाइन. तिला हे फार जड गेलं, नऊ प्रोजेक्ट एका वाक्यात कोंबायचे म्हणजे दोन वर्षांची मेहनत पुसल्यासारखं वाटत होतं तिला, आणि मला ते समजतं. पण वाचणाऱ्याच्या लक्षात एकच प्रोजेक्ट राहतो, तो कुठला ते आपण ठरवलेलं बरं.

मी आणि आम्ही

तिसऱ्या ओळीतलं ते, व्हिज्युअल स्टाइल सीनियर डिझायनरची, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, ताई असं लिहिलं तर माझं काम कमी दिसेल. मी म्हटलं अगं, इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो की ह्यातलं तू नेमकं काय केलंस. पानावर सगळीकडे आम्ही लिहिलं असेल तर समोरचा धरून चालतो की तुझा वाटा थोडा होता, आणि सगळीकडे मी लिहिलं तर त्याला पटत नाही, नऊ आठवड्यांत एकट्या ज्युनियरनं रिसर्चपासून आयकॉनपर्यंत सगळं केलं? दुसऱ्याचं नाव घ्यायची गरज नाही, कोणाचं काम काय होतं तेवढं लिहायचं. आणि एकदा दुसऱ्याचं त्याला देऊन टाकलं की उरलेलं तुमचं आहे ह्यावर वाचणाऱ्याचा आपोआप विश्वास बसतो.

आता पान

चार ओळी झाल्या की पानाचा सांगाडा हातात असतो, प्रत्येक ओळ उलगडायची एवढंच. कुठे बनवायचं ह्यावर फार डोकं लावू नका, नोशन चालतं, बिहान्स चालतं, स्वतःची साइट असेल तर उत्तमच. फक्त फिग्माचा प्रोटोटाइप म्हणजे केस स्टडी असं समजू नका, तो फोनवर उघडायला वेळ घेतो, वाचणाऱ्याला कुठे टॅप करायचं ते कळत नाही, आणि गोष्ट त्यात नसतेच. प्रोटोटाइपची लिंक द्यायची तर पानाच्या आत, ज्याला हवी तो उघडेल.

पानाच्या सुरुवातीला आम्ही त्याच चार ओळी जशाच्या तशा ठेवल्या. प्रोफाइलवरून आलेला माणूस बरोबर जागी आलोय ना हे बघत असतो, तेच आकडे आणि तेच शब्द दिसले की पुढे वाचतो.

त्याखाली जुना स्क्रीन, मोठा, एकटा, Processing ह्या शब्दाभोवती लाल गोल. शेजारी रजिस्टरच्या पानाचा फोटो, नावं आणि नंबर झाकलेले. हा फोटो तिच्याकडे फोनमध्ये पडला होता आणि पीडीएफमध्ये टाकलाच नव्हता, कारण दिसायला चांगला नाही म्हणे, वाकडा आहे, चहाचा डाग आहे. त्याऐवजी तिनं पर्सोना टाकला होता, स्टॉक फोटोमधली हसरी बाई, वय 34, आवडीनिवडी प्रवास आणि संगीत. तो पर्सोना मी काढायला लावला. डागाचं ते पान बघून कोणालाही कळतं की ही मुलगी खरंच तिथे जाऊन बसली होती, तो पर्सोना तर कुठल्याही प्रोजेक्टमध्ये चालला असता.

मग तिचा पहिला प्रयत्न, जो फसला. तिनं प्रत्येक टेस्टला पाच टप्प्यांची पट्टी दिली होती, सॅम्पल घेतलं, लॅबमध्ये पोचलं, तपासणी सुरू, डॉक्टरांनी बघितलं, रिपोर्ट तयार. पार्सल ट्रॅकिंगसारखी. टेस्टिंगला पाच जण होते, त्यात साठीच्या एक काकू. त्यांनी कल्चरची पट्टी बघितली, ती तिसऱ्या टप्प्यावर होती, आणि घाबरून म्हणाल्या, ये तो रुक गया, सैंपल ख़राब हो गया क्या? कारण बाकीच्या दोन पट्ट्या भरल्या होत्या आणि ही अडकलेली दिसत होती. दुसऱ्या एका मुलानं पट्टी बघून विचारलं, ठीक है, पर मिलेगी कब? म्हणजे सॅम्पल कुठल्या टप्प्यावर आहे ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, रिपोर्ट कधी मिळणार तेवढं हवं होतं. तिनं पट्ट्या काढून टाकल्या आणि प्रत्येक टेस्टसमोर साधं हिंदी वाक्य ठेवलं, आज शाम 6 बजे तक. कल्चरसाठी, गुरुवार शाम तक, इस जाँच में 2-3 दिन लगते ही हैं. तयार झालेल्या रिपोर्टला तिथेच उघडायचं बटण.

हा भाग आम्ही पानावर सगळ्यात लांब ठेवला. पट्टीचा स्क्रीन, त्याखाली काकूंचं वाक्य, त्याखाली वाक्यवाला स्क्रीन. ती म्हणत होती एवढं साधं डिझाइन दाखवलं तर लोक म्हणतील ह्यात काय केलं, पण वरची पट्टी बघून आलेल्या माणसाला ते साधेपण कुठून आलं ते कळतं, पट्टी न दाखवता नुसतं वाक्य दाखवलं असतं तर मात्र तिची भीती खरी ठरली असती.

किती लांब पान? आमचं 900 शब्द आणि 10 इमेज झालं. त्याहून मोठं पान लोक शेवटपर्यंत वाचतात असं मला दिसलेलं नाही. डबल डायमंडचा डायग्राम, एम्पथी मॅप, 40 स्टिकी नोट्सचा न वाचता येणारा फोटो हे सगळं काढलं. ते केलं असेल आणि त्यातून काही निघालं असेल तर जे निघालं ते एका वाक्यात लिहा.

आकड्यांचं

तिच्या जुन्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं, 80 टक्के यूजर्सना नवं डिझाइन आवडलं. टेस्टिंगला पाच जण, त्यातले चार बरं म्हणाले, झाले 80 टक्के. हे करू नका, ज्याला थोडंफार कळतं तो तिथेच थांबतो. पाच जणांच्या टेस्टिंगमधून अडचणी सापडतात, त्यासाठी ते पुरेसं असतं, पण टक्केवारी काढायला नाही. पाचपैकी तिघांनी विचारलं की कधी मिळेल, असं लिहा.

38 आणि 19 बद्दलही आम्ही पानावर स्पष्ट लिहिलं की ही दोन सोमवारांची हाताने केलेली मोजणी आहे, दुसरी लाँचनंतर सहा आठवड्यांनी, एकूण फोन 61 आणि 57. फोन निम्मे झाले असं ठोकून दिलं नाही, एका दिवसाचा आकडा वरखाली होऊ शकतो, त्या दिवशी कल्चरच्या ऑर्डरच कमी असतील. मर्यादा लिहिल्यानं आकडा कमजोर होत नाही, उलट इंटरव्ह्यूत कोणी खोदून विचारलं तर उत्तर आधीच दिलेलं असतं.

आणि आकडा नसेलच तर? एजन्सीत असं फार होतं, डिझाइन दिलं, क्लायंट गेला, पुढे काय झालं माहीत नाही. तेव्हा जे डोळ्यांनी दिसलं ते लिहा. आधी रिपोर्टपर्यंत पोचायला किती टॅप लागायचे, आता किती, टेस्टिंगमध्ये कोण कुठे अडकलं आणि बदलल्यावर अडकलं का. लाँच झालं नाही तर झालं नाही म्हणून लिहा. क्लायंटला एक मेसेज टाकून बघायलाही हरकत नाही, 19 चा आकडा तिला तसाच मिळाला, लॅबच्या मॅनेजरना विचारलं तर त्यांनी त्या दिवसाच्या रजिस्टरचा फोटोच पाठवला.

जे दाखवायचं नाही ते

ह्या प्रोजेक्टमध्ये हे फार नाजूक होतं. तिच्या स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या पेशंटची नावं होती, वय, फोन नंबर, कुठली टेस्ट केली ते. ती धूसर करून ठेवली होती. धूसर करणं मला पुरेसं वाटत नाही, कधीकधी मोठे आकडे तरीही वाचता येतात. आम्ही खरी माहिती काढून तिथे बनावट नावं टाइप केली आणि मग इमेज एक्स्पोर्ट केली. रजिस्टरच्या फोटोत नावांवर भरीव काळा चौकोन टाकून नवीन इमेज सेव्ह केली. फिग्माची मूळ फाइल कोणाला शेअर करू नका, तिथे चौकोन बाजूला सरकवला की खालचं सगळं आहे तसं असतं, आणि क्रॉप केलेली इमेजही आतून पूर्ण असते.

लॅबचं नाव आणि लोगो टाकायचा का, त्यासाठी तिनं आधी एजन्सीत विचारलं. करारात गुप्ततेची अट होती, म्हणून नाव नाही, मध्य भारतातली एक पॅथॉलॉजी लॅब एवढंच. रंगही बदलले, कारण लोगो झाकून रंग तेच ठेवले तर शहरातला माणूस ओळखतो. विचारणं ईमेलवर केलं आणि उत्तर जपून ठेवलं. काही कंपन्या अजिबात परवानगी देत नाहीत, तेव्हा पानाला पासवर्ड लावून समोरच्याला फक्त अर्जासोबत देतात, पण तेही विचारूनच. आणि पासवर्ड प्रोफाइलवर लिहून ठेवू नका, मी असं बघितलंय.

लिंक कुठे आणि कशी

Experience च्या वर्णनात टाइप केलेली लिंक दाबता येत नाही हे तर वर आलंच. तिथे त्या नोकरीच्या एडिटमध्ये खाली Media असतं, त्यात Add a link करून केस स्टडीची लिंक द्यायची, मग ती कार्डासारखी त्या नोकरीच्या खाली दिसते आणि दाबता येते. टायटल आणि वर्णन तिथेच बदलता येतं. तेवढंच Featured मध्येही करायचं, ते प्रोफाइलच्या वरच्या भागात असतं. एडिट करताना Notify network बंद ठेवा, दहा वेळा बदल करणार तर दहा वेळा कोणाला कळायला नको.

लिंक थेट त्या केस स्टडीची हवी, पोर्टफोलिओच्या होमपेजची नाही. होमपेजवर गेलेल्या माणसाला परत शोधावं लागतं की ते लॅबवालं कुठाय. होमपेजची लिंक Contact info मध्ये ठेवा. Featured मध्ये फोनवर पहिलं कार्ड पूर्ण दिसतं आणि दुसरं अर्धंमुर्धं, म्हणून सगळ्यात चांगली केस स्टडी पहिली, आणि दोन-तीनच्या वर नको.

कार्डावर काय दिसतं तेही बघा. तिची लिंक टाकल्यावर टायटल आलं Untitled आणि इमेज करड्या रंगाची, कारण नोशनच्या पानाला नाव आणि कव्हर दिलंच नव्हतं. नाव दिलं, कव्हर लावलं, तरी कार्ड जुनंच. लिंक्डइन एकदा घेतलेली माहिती काही काळ साठवून ठेवतं. त्यासाठी Post Inspector नावाचं त्यांचंच पान आहे, तिथे आपली लिंक टाकली की ते माहिती नव्यानं वाचतं, आणि मग प्रोफाइलवरचं कार्ड काढून परत जोडायचं.

```
https://www.linkedin.com/post-inspector/
```

स्वतःची साइट असेल तर पानाच्या हेडमध्ये ह्या दोन ओळी हव्यात, कार्डाचं टायटल आणि इमेज इथूनच उचललं जातं. इमेज 1200 × 627 पिक्सेल ठेवा म्हणजे कापली जात नाही.

```html
<meta property="og:title" content="केस स्टडीचं नाव">
<meta property="og:image" content="https://तुमची-साइट/cover.png">
```

कव्हरवर मॉकअपमधले तीन तिरके फोन ठेवू नका, एवढ्याशा कार्डात त्यातलं काहीच वाचता येत नाही. आम्ही एकच वाक्य मोठं ठेवलं, आज शाम 6 बजे तक, आणि बाजूला तो स्क्रीन सरळ.

शेवटची तपासणी

तिच्या लॅपटॉपवर सगळं उघडत होतं, साहजिकच, ती लॉगिन होती. म्हणून तिथे तपासायचंच नाही. इन्कॉग्निटोमध्ये उघडा, आणि मग दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर, वायफाय बंद करून. आम्ही मावशीचा फोन घेतला. पान उघडलं पण पहिली इमेज यायला एवढा वेळ लागला की मावशी म्हणाली, बंद पडलं का गं? प्रत्येक पीएनजी पाच-सहा एमबीची होती. 1600 पिक्सेल रुंदीवर आणून, जेपीजीमध्ये टाकून 300 केबीच्या आत आणल्या, मग ठीक झालं. दुसरं एक दिसलं, की डेस्कटॉपवर शेजारी शेजारी ठेवलेले जुना स्क्रीन आणि रजिस्टरचा फोटो फोनवर एवढे बारीक झाले की Processing शब्दच वाचता येईना, तेव्हा ते एकाखाली एक ठेवले.

मग प्रोफाइल, पान आणि रेझ्युमे तिन्ही समोर ठेवून जुळवलं. रेझ्युमेत पदाचं नाव प्रॉडक्ट डिझायनर, प्रोफाइलवर यूएक्स डिझायनर, पानावर यूआय/यूएक्स इंटर्न, कारण प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा ती इंटर्न होती. प्रोजेक्टचा काळ एके ठिकाणी 9 आठवडे, दुसरीकडे 4 महिने. ह्यात कुठेही तिला फसवायचं नव्हतं, वेगवेगळ्या वेळी लिहिलं म्हणून झालं, पण बाहेरच्या माणसाला ते कसं कळणार. ऑफर लेटरवर जे पद आहे तेच तिन्हीकडे टाकलं, आणि इंटर्न असताना सुरू केलं, पुढे तिथेच कायम झाले असं पानावर एक वाक्य.

एवढं झाल्यावर ती लगेच दुसऱ्या केस स्टडीला हात घालणार होती. मी म्हटलं थांब, आधी हे पान यूएक्समधल्या नसलेल्या कोणाला तरी वाचायला दे आणि वाचून झाल्यावर त्याला विचार की अडचण काय होती. तिनं काकांना दिलं, ते बँकेतून रिटायर झालेत. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, रिपोर्ट तयार असायचा पण दाखवायचेच नाहीत, असंच ना? मग एक शंका काढली, ठरलेल्या 6 वाजेपर्यंत रिपोर्ट आलाच नाही तर ॲप काय दाखवतं? ते पानावर नव्हतं. डिझाइनमध्ये मात्र होतं, उशीर झाला तर वेळ बदलून एसएमएस जातो, तो स्क्रीन तिनं केलाही होता, फक्त महत्त्वाचा वाटला नव्हता. त्या रात्री तो स्क्रीन आणि खाली दोन वाक्यं पानावर चढली.